कुत्रं मागे लागलं तर: सोलापुरात पहाटे पायी किंवा सायकलवर निघणाऱ्यांसाठी

सोलापूरचा उन्हाळा एकदा सुरू झाला की फिरायला जाणारे, दूध आणि पेपर टाकणारे, कारखान्याच्या पहिल्या पाळीला जाणारे सगळे उजाडायच्या आत बाहेर पडतात. कुत्र्यांचंही तेच गणित असतं. दिवसभर ती चहाच्या गाड्याखाली, उभ्या रिक्षाखाली सावलीला पडून असतात आणि रात्री उशिरा व पहाटे गल्लीवर त्यांचं राज्य असतं. त्यामुळे नव्याने शहरात आलेल्या माणसाची आणि गल्लीतल्या कुत्र्याची पहिली गाठ बहुतेक वेळा अंधारातच पडते.

मी बरीच वर्षं सायकलवर पेपरची लाइन टाकतो. नवीन पोरगा लाइनवर आला की त्याला घरं नंतर दाखवतो, कुत्र्यांचे कोपरे आधी. त्याला जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो आहे.

## 1. कुत्रं कशासाठी मागे लागतं ते आधी समजून घ्या

गल्लीतल्या कुत्र्याची एक हद्द असते. ती साधारण एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, कधी कचरा साठतो त्या जागेभोवती, कधी मटणाच्या दुकानापासून पुढच्या विजेच्या खांबापर्यंत. ओळखीचा नसलेला माणूस या हद्दीत शिरला की कुत्रं भुंकतं. त्या भुंकण्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो: तू कोण, आणि इथून कधी जाणार?

आता या माणसाने पळ काढला किंवा सायकल जोरात मारली की चित्र बदलतं. वेगाने लांब जाणाऱ्या वस्तूमागे धावणं हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. फिरणारं चाक, वरखाली होणारी पोटरी, फडफडणारी ओढणी हे सगळं त्याला ओढून घेतं. शिवाय तुम्ही पळालात आणि त्याची हद्द संपली, की त्याच्या लेखी त्याने तुम्हाला हाकललं. उद्या ते आणखी जोरात येणार.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये काम एकच आहे: आपला वेग काढून टाकायचा आणि त्याची हद्द सावकाश ओलांडायची. हद्दीच्या पलीकडे निरोगी कुत्रं सहसा मागे येत नाही. दोनचार वेळा भुंकतं आणि वळतं.

## 2. सोबत काय असावं

फार काही लागत नाही.

- पाण्याची बाटली, दाबली की पिचकारी उडेल अशी असेल तर उत्तम
- छत्री, काठी किंवा पाठीवरची पिशवी
- पायी असाल तर टॉर्च, सायकलला पुढचा दिवा आणि चालू घंटी
- पूर्ण लांबीची पँट आणि बंद बूट
- साबणाची लहान वडी, कागदात गुंडाळून

काठी मारण्यासाठी नाही. ती हातात आडवी धरली की कुत्र्याच्या आणि तुमच्या पायाच्या मध्ये काहीतरी राहतं, एवढाच तिचा उपयोग. गरागरा फिरवलेली काठी पाहून शांत कुत्रंही बिथरतं. छत्री मला काठीपेक्षा बरी वाटते, कारण ती समोर उघडली की मध्ये भिंत उभी राहते. फक्त ती कुत्रं लांब असतानाच सावकाश उघडायची. अगदी जवळ आल्यावर खाडकन उघडली तर ते दचकून अंगावर येऊ शकतं.

बिस्किटाचा पुडा मी यादीत धरलेला नाही. एक कुत्रं शांत करायला बिस्किट टाकलं की आणखी चार येतात, त्यांची आपसांत जुंपते आणि त्या भांडणाच्या मध्ये तुमचे पाय असतात. मटण किंवा मासळी घेऊन निघाला असाल तर ती बंद डब्यात ठेवा. हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून लोंबू देऊ नका.

## 3. लांबूनच कुत्रं वाचायला शिका

वीस-पंचवीस पावलांवर कुत्रं दिसलं की आधी त्याच्या अंगाकडे बघा, तोंडाकडे नंतर. अंग सैल आहे, शेपटीबरोबर कंबरही हलते आहे, चाल वाकडीतिकडी आहे, तर ते हुंगायला येतंय. येऊ द्या. हात पुढे करू नका, डोक्यावर थोपटू नका, चालत राहा.

शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूष, हा समज नवख्यांना फार महागात पडतो. शेपटी वर ताठ उभी असून नुसतं टोक भरभर हलत असेल, अंग पुढे झुकलेलं असेल, पाय रोवलेले आणि नजर तुमच्यावर खिळलेली असेल, तर ते कुत्रं इशारा देतंय. याच्या उलट शेपटी पोटाखाली, कान मागे, अंग चोरून उभं असेल तर ते घाबरलंय. घाबरलेल्या कुत्र्याला कोपऱ्यात कोंडू नका. भिंत आणि उभी गाडी यांच्यामध्ये ते अडकलं असेल आणि तुम्ही नेमकी त्याची बाहेर पडायची वाट अडवली असेल, तर ते चावूनच वाट काढेल. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला व्हा, ते निघून जातं.

भुंकणाऱ्यापेक्षा गप्प कुत्र्याकडे जास्त लक्ष ठेवा. भुंकणारं अजून बोलतंय. आवाज न करता मान खाली घालून, मागून पोटरीच्या रोखाने येणारं कुत्रं जास्त वेळा दात लावतं. त्याला थेट चावायचंच असतं, म्हणून ते भुंकत नाही.

## 4. पायी असाल तर

कुत्रं तुमच्याकडे येताना दिसलं की थांबा. हात अंगासरशी किंवा छातीवर घडी घालून ठेवा, तोंड मिटलेलं, नजर त्याच्या पायांपाशी जमिनीवर. डोळ्याला डोळा भिडवू नका, पण पाठही फिरवू नका. किंचित तिरके उभे राहा, म्हणजे ते नजरेच्या कडेत राहतं. लहान मुलांना मी "झाडासारखं उभं राहा" एवढंच शिकवतो, आणि ती ते मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करतात.

बहुतेक कुत्री जवळ येऊन हुंगतात आणि त्यांचं समाधान होतं. ते थांबलं किंवा बाजूला झालं की एक पाऊल मागे, थोडं थांबून पुन्हा एक पाऊल. असं तिरकं तिरकं सरकत हद्दीबाहेर या. तरीही ते पुढे येत राहिलं, तर खालच्या जाड आवाजात एकदाच "हाड!" म्हणा. किंचाळू नका. उंच, चिरका आवाज त्याला चेव आणतो.

दगड उचलल्यासारखं खाली वाकायचं, हा आपल्याकडचा सगळ्यांना ठाऊक असलेला उपाय. एकटं कुत्रं लांब असेल तर त्याने ते बऱ्याचदा मागे सरतं, हे खरं आहे. पण कुत्रं तीन-चार हातांवर आलेलं असताना वाकलात तर तुमचा चेहरा त्याच्या तोंडाच्या उंचीला येतो. आणि तीन-चार कुत्री असतील तर तुम्ही समोरच्याकडे बघत वाकता तेव्हा मागचं पुढे येतं. जवळच्या कुत्र्यासाठी आणि टोळीसाठी हा उपाय नकोच. खरोखर दगड मारणं तर अजिबात नको, कारण मार खाल्लेलं कुत्रं पुढच्या माणसाचा हात वर झालेला पाहूनच धावतं. तो पुढचा माणूस शाळेत निघालेलं पोर असू शकतं.

कुत्र्याने झेप घेतलीच तर पिशवी, छत्री, चप्पल, जे हातात असेल ते त्याच्या तोंडात द्या. कपडा किंवा पिशवी त्याने पकडली तर सोडून द्या आणि मागे सरका. पाय किंवा हात पकडला असेल तर झटका मारून ओढू नका, झटक्याने जखम फाटते. पडलात तर गुडघे पोटाशी घ्या, बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी चेहरा झाका आणि हलू नका.

## 5. सायकलवर असाल तर

इथे लोक सर्वांत जास्त फसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

साधं गावठी कुत्रं थोड्या अंतरापुरतं ताशी 30 किलोमीटरहून जास्त वेगाने पळतं. आपली रोजची सायकल, कॅरिअरवर ओझं असताना, ताशी पंधराच्या आसपास चालते. ही शर्यत तुम्ही जिंकणार नाही. आणि पोटरी वाचवायला पाय वर घेतले, मागे वळून बघितलं किंवा लाथ झाडली की तोल जातो. विजापूर रोड किंवा होटगी रोडसारख्या मोठ्या रस्त्यावर तोल गेला तर कुत्र्यापेक्षा मागून येणारी गाडी जास्त घातक आहे.

आमच्या लाइनवर एक कॉलेजचा मुलगा नवीन आला होता, जुळे सोलापुरातला. एका गल्लीच्या तोंडाशी तीन कुत्री बसायची: एक तांबडं, एक काळं-पांढरं आणि एक पांढरी कुत्री. गल्ली किंचित चढाची. हा मुलगा चढाआधीच जोर घ्यायचा, म्हणजे कुत्र्यांच्या बरोबर समोरून त्याची सायकल सगळ्यात वेगात जायची. तांबडं उठायचं, त्याच्यामागे बाकीची दोन, आणि चढावर याचा दम संपला की ती त्याला गाठायची. मी म्हटलं, तिथे थांब. तो म्हणाला, "काका, थांबलं की चावतंय की ओ!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. गल्लीच्या अलीकडे, कुत्री अजून बसलेली असतानाच, पायडल मारणं बंद केलं. मागून गाडी येत नाही हे पाहून डाव्या कडेला सायकल घेतली. तांबडं उठलं आणि भुंकत निघालं, तेव्हा आम्ही ब्रेक लावून उतरलो. उतरायचं ते कुत्र्याच्या विरुद्ध बाजूला, हे सगळ्यात महत्त्वाचं. कुत्री उजवीकडून येत होती, आम्ही डावीकडे उतरलो, त्यामुळे आख्खी सायकल मध्ये राहिली. दोन्ही हात हॅंडलवर, पेपरचं ओझं कॅरिअरवर, आणि आम्ही गप्प.

तांबडं चाकापासून हातभर अंतरावर येऊन थांबलं. चाकच फिरत नव्हतं, तर धावायचं कशामागे? ते भुंकत राहिलं, काळं-पांढरं त्याच्या मागे घुटमळलं. पांढरी मात्र वळसा घालून आमच्या मागे यायला लागली. टोळीत एक तरी असं करतं. आम्ही सायकलचं मागचं चाक तिच्या बाजूला वळवलं आणि पाठ कंपाउंडच्या भिंतीला लावली, म्हणजे मागून यायला जागा उरली नाही. थोड्या वेळाने तांबड्याचं भुंकणं तुटक झालं आणि त्याने मान बाजूला वळवून जमीन हुंगली. ही खूण लक्षात ठेवा, कुत्र्याचा ताण उतरला की ते असं करतं. मग सायकल हातात धरून, ढकलत, चालायच्या वेगाने आम्ही पुढे निघालो. पुढच्या खांबाशी ती तिन्ही थांबली. त्यांची हद्द तिथे संपत होती. त्यानंतर आणखी थोडं चालून मगच सायकलवर बसलो, कारण त्यांच्या नजरेसमोर टांग टाकून पायडल मारलं असतं तर खेळ पुन्हा सुरू झाला असता.

पुढे तो मुलगा रोज तिथे उतरून चालायला लागला. काही दिवसांनी तांबडं उठायचं बंद झालं, नुसती मान वर करून बघायचं. रोज त्याच वेळी, त्याच चालीने जाणारा माणूस कुत्र्याला पाठ होतो.

थांबू नये असे प्रसंगही आहेत. कुत्रं बरंच मागे असेल आणि तुम्ही त्याची हद्द ओलांडत आला असाल, तर आहे त्याच वेगाने सरळ जा. वेग वाढवू नका. मागे ट्रक किंवा बस असेल तर मध्येच ब्रेक लावू नका, आधी डावीकडे या. पाण्याची पिचकारी मारायची असेल तर उतरल्यावर, त्याच्या तोंडाच्या पुढे जमिनीवर. ते क्षणभर गोंधळतं आणि तेवढ्यात दोन पावलं सरकता येतं. चालत्या सायकलवरून एका हाताने हे करू नका.

## 6. पिल्लं असतील तर नियम वेगळा

भाद्रपदात कुत्र्यांचा माज असतो हे आपल्याकडे पोरंटोरंही जाणतात. त्या दिवसांत एका कुत्रीमागे सात-आठ नर फिरतात आणि आपसांत भांडतात. असा घोळका दिसला की मध्ये शिरू नका, गल्ली बदला. त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं होतात, म्हणजे दिवाळीपासून थंडीपर्यंत पडक्या भिंतीआड, गटारीच्या पाइपात, वाळूच्या ढिगामागे माय असण्याची शक्यता जास्त.

पिल्लांच्या मायसमोर उभं राहून उपयोग नाही. तिला तुम्ही थांबायला नको आहात, तुम्ही जायला हवे आहात. ती धावून आली की तिच्याकडे तोंड ठेवून, आलात त्याच वाटेने लगेच पण न पळता मागे फिरा. पुढचे दोन महिने दुसरी वाट धरा.

## 7. आजारी कुत्रं ओळखा

वर जे सांगितलं ते निरोगी कुत्र्यासाठी. पिसाळलेलं कुत्रं हद्द मानत नाही. तोंडातून लाळेच्या तारा, लोंबणारा जबडा, घोगरा बदललेला आवाज, झोकांड्या खात चाल, वाटेत येईल त्याला (माणूस, गुरं, गाडीचा टायर) चावत सुटणं, ही त्याची लक्षणं. असं दिसलं तर स्थिर उभं राहण्यावर विसंबू नका. जवळचं फाटक, दुकान, रिक्षा, उंच ओटा, जे मिळेल त्याच्या आड जा आणि आसपासच्यांना ओरडून सांगा.

मात्र धडधाकट दिसलं म्हणजे रेबीज नाही, असं समजू नका. लक्षणं दिसायच्या काही दिवस आधीपासूनच लाळेत विषाणू असू शकतो.

## 8. दात किंवा नख लागलंच तर

पहिली पंधरा मिनिटं तुमच्या हातात असतात. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ बघून 15 मिनिटं जखम धुवा. नळ नसेल तर कुणाच्याही दारात जाऊन पाणी मागा, पहाटेची वेळ असली तरी. नंतर पोव्हिडोन आयोडीन असेल तर लावा. हळद, तिखट, चुना, तेल, तंबाखू काही लावू नका, आणि पट्टी घट्ट बांधू नका.

मग त्याच दिवशी रुग्णालयात जा. सोलापुरात आपण ज्याला सिव्हिल म्हणतो, ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते. सोबत न्यायचं:

- आधार कार्ड आणि चालू मोबाइल नंबर
- आधी रेबीजची लस घेतली असेल तर तिचं कार्ड
- चालू औषधांची चिठ्ठी
- कुत्र्याचा रंग, जागा, चावल्याची वेळ, लिहून

जखमेतून रक्त आलं असेल, कातडी फाटली असेल, तर ती तिसऱ्या श्रेणीची जखम. अशा वेळी नुसती लस पुरत नाही. जखमेतच आणि तिच्याभोवती इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन द्यावं लागतं. ते वजनावर ठरतं, म्हणून वजन करतील. लसीला शरीरात काम सुरू करायला काही दिवस लागतात, तोवर हे इंजेक्शन जागेवर विषाणूला अडवतं. लहान दवाखान्यात ते नसेल तर "कुठे मिळेल" हे विचारून त्याच दिवशी तिकडे जा. लसीच्या पहिल्या डोसनंतर सात दिवस उलटले की ते देत नाहीत.

लसीच्या तारखांवरून लोकांचा गोंधळ होतो. दंडात, स्नायूमध्ये देत असतील तर पहिला दिवस शून्य धरून 0, 3, 7, 14 आणि 28 या दिवशी, असे पाच डोस. कातडीत देत असतील तर 0, 3, 7 आणि 28 या दिवशी, दरवेळी दोन्ही दंडांत थोडी थोडी. शेजाऱ्याला पाच आणि तुम्हाला चार, म्हणून घाबरू नका. दोन्ही पद्धती बरोबर आहेत, कार्डावरच्या तारखा पाळा. पूर्वी पूर्ण कोर्स झालेला असेल आणि कार्ड असेल तर साधारणपणे 0 आणि 3 हे दोनच डोस लागतात. म्हणून ते कार्ड जपून ठेवा.

दोन सापळे इथे आहेत. पहिला: "दहा दिवस कुत्र्याकडे बघू, मेलं तर लस घेऊ." हे उलटं आहे. लस आधी सुरू करायची. कुत्रं दहा दिवस जिवंत आणि ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. दुसरा: "कानाला खाच आहे, म्हणजे त्याला लस दिलेली आहे." कानाच्या टोकाची खाच म्हणजे नसबंदी झाल्याची खूण. त्या वेळी रेबीजची लसही देतात, पण ते किती वर्षांपूर्वी झालं हे खाच सांगत नाही. रेबीजची लक्षणं माणसात एकदा सुरू झाली की त्यावर जवळजवळ उपाय नाही, त्यामुळे खाचेवर विसंबून लस टाळू नका. नखाचा ओरखडाही डॉक्टरांना दाखवा.

## 9. तक्रार कशी लिहायची

एकाच जागी वारंवार कुत्री अंगावर येत असतील तर महानगरपालिकेकडे लेखी द्या. "इथली कुत्री उचलून लांब सोडा" असं लिहिलं तर ती मागणी बसत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्याला साधारणपणे त्याच्याच जागी परत सोडायचं असतं. आणि लांब नेऊन सोडलं तरी मोकळ्या झालेल्या जागेत दुसरी, अनोळखी कुत्री शिरतात.

म्हणून नसबंदी आणि लसीकरणच मागा, आणि पकडणाऱ्या माणसाला उपयोगी पडेल असं लिहा: गल्ली आणि जवळची ठळक खूण, कुत्री किती, रंग कोणते, नर की मादी, कानाला खाच असलेली किती आणि नसलेली किती, कोणत्या वेळी तिथे हमखास सापडतात. पिसाळल्याची लक्षणं असतील तर तो मजकूर पहिल्या ओळीत टाका. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. गल्लीत त्या कुत्र्यांना रोज खायला घालणारं कुणी असेल तर त्यांचीही सही घ्या. कुत्री त्यांच्या हाकेला येतात, त्यामुळे पकडायला माणसं आली की सगळ्यात जास्त मदत त्यांचीच होते.